रिक्वेस्ट आत येते पण उत्तर बाहेर जात नाही: नॅकलमधले परतीचे पोर्ट कसे तपासायचे

हा फॉल्ट मी इतक्या वेळा सोडवलाय की आता लक्षणं ऐकली की आधी आउटबाउंड रूलच उघडून बघतो. एडब्ल्यूएसच्या व्हीपीसीमधल्या नेटवर्क एसीएलबद्दल लिहितोय, ज्याला सगळे नॅकलच म्हणतात. जिथे कुठे स्टेटलेस फिल्टर आहे तिथे हेच लागू होतं, जसं की ओरॅकल क्लाउडमध्ये स्टेटलेस म्हणून टाकलेले सिक्युरिटी रूल. अॅझुरचे एनएसजी आणि गूगल क्लाउडचे फायरवॉल रूल स्टेटफुल असतात, त्यामुळे तिथे हा त्रास या रूपात भेटत नाही.

लक्षणं

क्लायंटकडून कनेक्शन केलं की `Connection refused` येत नाही, नुसतं लटकून राहतं आणि शेवटी `Connection timed out` येतं. लिनक्सवर टाइमआउट दिला नसेल तर साधारण दोन मिनिटं लटकतं. सर्व्हरवर मात्र सगळं ठीक दिसतं, सर्व्हिस चालू, पोर्टवर ऐकतेय, सर्व्हरवरूनच कर्ल मारला तर लगेच उत्तर. सिक्युरिटी ग्रुपमध्ये पोर्ट उघडा आहे, इनबाउंड नॅकलमध्येही उघडा आहे, आणि टीममधला प्रत्येक जण "पोर्ट तर उघडा आहे ना" एवढंच म्हणत असतो.

दुसरं रूप जास्त छळतं. काही रिक्वेस्ट चालतात, काही लटकतात. एकाच मशीनवरून एकदा चालतं, पुढच्या वेळी नाही. किंवा लिनक्सवाल्यांना कधीच त्रास नाही आणि विंडोजवाले अधूनमधून रडतायत. किंवा लोड बॅलन्सर पुढे लावला आणि त्या दिवसापासून टार्गेट हेल्दी-अनहेल्दी करत बसलं. यावर लोक अॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये दोन-दोन दिवस घालवतात, पण लॉगमध्ये काही सापडणारच नाही कारण हँडशेकच पूर्ण झालेला नसतो, रिक्वेस्ट अॅपपर्यंत आलेलीच नसते.

आधी फुकटातली तपासणी: त्याच सबनेटमधून कर्ल

त्याच सबनेटमध्ये दुसरं मशीन असेल तर तिथून सर्व्हरच्या खाजगी आयपीवर कर्ल मारा. मग दुसऱ्या सबनेटमधून मारा.

नॅकल सबनेटच्या सीमेवर बसतो, एकाच सबनेटमधल्या दोन मशीनमधल्या ट्रॅफिकला तो हात लावत नाही. त्यामुळे आतून चालतं आणि बाहेरून लटकतं असं झालं तर सर्व्हिस, मशीनवरचं फायरवॉल हे बहुतेक सुटलं आणि संशय सीमेवर आला. बहुतेक म्हणतोय कारण सिक्युरिटी ग्रुपमध्ये सोर्स ठराविक रेंजचा असेल तर तोही असाच वागतो, तेवढं एकदा बघून घ्या. आतूनही लटकत असेल तर नॅकल सोडा, तुमचा प्रॉब्लेम वेगळा आहे.

`refused` आला तर तोही वेगळा विषय. रिफ्यूज्ड म्हणजे समोरच्याने "नाही" असं उत्तर पाठवलं आणि ते तुमच्यापर्यंत पोचलं, म्हणजे परतीचा रस्ता चालू आहे. नॅकल गुपचूप पॅकेट टाकून देतो, उत्तर पाठवत नाही.

मग रूल बघा, पण योग्य नॅकलचे

एका सबनेटला एका वेळी एकच नॅकल लागतो, पण एक नॅकल बऱ्याच सबनेटना लागू शकतो, त्यामुळे नावावरून अंदाज न करता सबनेटवरूनच शोधा:

```
aws ec2 describe-network-acls \
  --filters Name=association.subnet-id,Values=subnet-0abc123 \
  --query 'NetworkAcls[0].Entries'
```

यात `"Egress": true` असलेले रूल म्हणजे आउटबाउंड. `RuleNumber` 32767 दिसतो तो कन्सोलमधला `*` वाला, म्हणजे कशातच न बसलेलं सगळं अडवणारा. व्हीपीसीसोबत आपोआप येणारा डिफॉल्ट नॅकल दोन्ही दिशांना सगळं सोडतो, पण स्वतः नवीन बनवलेला नॅकल तुम्ही रूल टाकेपर्यंत दोन्हीकडे सगळं अडवतो. म्हणूनच हा फॉल्ट बहुतेक वेळा कुणीतरी सिक्युरिटी वाढवायला स्वतःचा नॅकल लावला त्या आठवड्यात उगवतो.

इथे सगळ्यात कॉमन चूक. इनबाउंडला 443 सोडला म्हणून आउटबाउंडलाही 443 सोडलेला असतो आणि वाटतं की झालं. पण नॅकलच्या रूलमधला पोर्ट हा नेहमी डेस्टिनेशन पोर्ट असतो. क्लायंटने आपला कुठलातरी पोर्ट, समजा 35012, उचलून तुमच्या 443 वर रिक्वेस्ट पाठवली, तर उत्तर 443 वरून निघून 35012 कडे जातं. त्या उत्तराचा डेस्टिनेशन पोर्ट 35012. आउटबाउंडमध्ये 443 सोडला म्हणजे तुमचा सर्व्हर बाहेरच्या दुसऱ्या कुणाच्या 443 वर जाऊ शकतो एवढंच, आलेल्याला उत्तर देण्याशी त्याचा काही संबंध नाही.

सिक्युरिटी ग्रुप हे सगळं लक्षात ठेवतो, आत आलेल्याचं उत्तर तो न विचारता सोडतो, त्यामुळे आपल्याला परतीच्या पोर्टचा विचार करायची सवयच नसते. नॅकलला आधीचं काही आठवत नाही, उत्तराचं पॅकेट त्याच्यासाठी एक अनोळखी बाहेर जाणारं पॅकेट असतं. म्हणून सिक्युरिटी ग्रुपचा आउटबाउंड कितीही उघडा केलात तरी हा फॉल्ट हलणार नाही.

रूलचा क्रमही बघा. लहान नंबर आधी तपासला जातो आणि पहिला जुळला की तिथेच निर्णय होतो. 90 नंबरला मोठ्या रेंजचा डिनाय असेल तर 100 चा अलाउ कधी वाचलाच जात नाही.

आता क्लायंट कोण आहे ते विचारा

परतीची रेंज सर्व्हरवर नाही, क्लायंटवर अवलंबून असते, आणि अर्धवट चालणारे सगळे केस इथेच सुटतात. लिनक्स मशीनवर बघायचं तर:

```
cat /proc/sys/net/ipv4/ip_local_port_range
```

हल्लीच्या कर्नलवर डिफॉल्ट 32768 ते 60999 येतं. विंडोजवर:

```
netsh int ipv4 show dynamicport tcp
```

सर्व्हर 2008 पासून पुढच्या विंडोजला सुरुवात 49152 आणि संख्या 16384 दिसते, म्हणजे 49152 ते 65535. आणि एडब्ल्यूएसचे लोड बॅलन्सर, नॅट गेटवे, लॅम्ब्डा हे 1024 ते 65535 मधला कुठलाही पोर्ट वापरतात.

आता कुणीतरी आउटबाउंडला 49152 ते 65535 एवढंच सोडलंय असं धरा, कारण अधिकृत डायनॅमिक रेंज म्हणून हेच आकडे सगळीकडे लिहिलेले असतात. विंडोज क्लायंट शंभर टक्के चालतील. लिनक्स क्लायंटच्या 28232 पोर्टपैकी 49152 ते 60999 हे 11848 पोर्टच त्यात बसतात, म्हणजे साधारण 42 टक्के कनेक्शन चालतील आणि बाकीचे लटकतील. उलट 32768 ते 60999 सोडलं तर लिनक्स बिनघोर आणि विंडोजचे चारातले एकापेक्षा थोडे जास्त कनेक्शन मरतात. "अधूनमधून" हा शब्द तक्रारीत आला की मी सर्व्हरचा लोड बघायच्या आधी हे गणित करतो.

हे सिद्ध करायची युक्ती मला सगळ्यात आवडते, कर्लला आपल्याकडचा पोर्ट सांगता येतो:

```
curl -m 5 --local-port 35000-35099 http://10.20.2.15:8080/
curl -m 5 --local-port 62000-62099 http://10.20.2.15:8080/
curl -m 5 --local-port 5000-5099 http://10.20.2.15:8080/
```

पहिला दर वेळी चालतो आणि दुसरा-तिसरा दर वेळी लटकतो असं दिसलं की अजून पुरावा काय पाहिजे. एकच पोर्ट न देता रेंज देतो कारण लागोपाठ मारताना तोच पोर्ट अजून मोकळा झालेला नसतो आणि कर्ल वेगळीच एरर देतो. मात्र ही टेस्ट व्हीपीसीच्या आतूनच दुसऱ्या सबनेटमधून करा. घरून किंवा ऑफिसातून केलीत तर मधला नॅट तुमचा पोर्ट बदलून टाकतो आणि निकालावर विश्वास ठेवता येत नाही.

लोड बॅलन्सरवाला केस, नीट उलगडून

हा केस थोडा सविस्तर सांगतो कारण यात रूल लिहिणाऱ्याचं काही चुकलं असं वरवर वाटतच नाही. एका अंतर्गत एपीआयचे सर्व्हर 10.20.2.0/24 मध्ये, पोर्ट 8080. क्लायंट म्हणजे 10.20.1.0/24 मधली लिनक्स मशीन. नॅकलमध्ये इनबाउंड 8080 आणि आउटबाउंड 32768 ते 60999, दोन्ही 10.20.0.0/16 साठी. कित्येक महिने सुरळीत. मग 10.20.5.0/24 मध्ये अॅप्लिकेशन लोड बॅलन्सर आला. टार्गेट जोडलं, लगेच हेल्दी झालं, सगळे खूश. मिनिटाभरात अनहेल्दी, कारण `Request timed out`. आणि मग परत हेल्दी होईचना, तासातासाने कधीतरी एकदा व्हायचं आणि परत पडायचं.

सगळ्यांचं बोट अॅपकडे, की पहिला चेक पास होतो म्हणजे नेटवर्क ठीक आहे आणि नंतर अॅप स्लो होतंय. मलाही ते आधी पटलं होतं. पण गणित बघा. लोड बॅलन्सर प्रत्येक हेल्थ चेकला नवीन कनेक्शन करतो, म्हणजे दर वेळी नवा पोर्ट. त्याच्या 64512 पोर्टपैकी आपल्या रूलमध्ये 28232 बसतात, पोर्ट सगळीकडून सारखेच उचलले जातात असं धरलं तर प्रत्येक चेक पास व्हायची शक्यता 44 टक्क्यांच्या आसपास. नवीन जोडलेल्या टार्गेटला हेल्दी व्हायला एकच चेक पास व्हावा लागतो, ते सहज होतं. डिफॉल्टला लागोपाठ 2 फेल झाले की अनहेल्दी, तेही लवकरच होतं. पण परत हेल्दी व्हायला लागोपाठ 5 पास लागतात, आणि 44 टक्क्यांनी पाच वेळा लागोपाठ म्हणजे दोन टक्क्यांच्याही खाली. चेक दर 30 सेकंदांनी. म्हणून ते तासातासाने कधीतरी उठायचं. अॅपला काहीच झालेलं नव्हतं, आउटबाउंड 1024 ते 65535 केल्यावर टार्गेट जे हेल्दी झालं ते राहिलं.

अजून खात्री नसेल तर फ्लो लॉग

याला थोडा खर्च आणि थोडी वाट बघावी लागते म्हणून इतक्या उशिरा सांगतोय. सर्व्हरच्या नेटवर्क इंटरफेसवर व्हीपीसी फ्लो लॉग चालू करा, अॅग्रिगेशन 1 मिनिट ठेवा, डिफॉल्ट 10 मिनिटं असतं. मग अशी जोडी शोधा, बाकीचे रकाने काढून सोर्स, डेस्टिनेशन, दोघांचे पोर्ट आणि निर्णय एवढंच ठेवलंय:

```
10.20.5.17  10.20.2.15  5043  8080  ACCEPT
10.20.2.15  10.20.5.17  8080  5043  REJECT
```

आत येताना अॅक्सेप्ट आणि त्याच कनेक्शनचं उत्तर रिजेक्ट, ही जोडी दिसली म्हणजे अडवणारा नॅकलच. सिक्युरिटी ग्रुपने आत घेतलेल्याचं उत्तर तो रिजेक्ट करत नाही. आणि रिजेक्ट झालेल्या ओळींतले क्लायंटचे पोर्ट एकाखाली एक लावून बघा, सगळे 32768 च्या खाली किंवा 60999 च्या वर निघाले तर कुठली रेंज सुटलीय ते लॉगच सांगतो.

सर्व्हरवर रूट असेल तर टीसीपीडंपही चालतो:

```
sudo tcpdump -ni any 'tcp port 8080 and host 10.20.5.17'
```

आत येणारा `[S]` दिसतो, त्याला उत्तर `[S.]` जातं, मग क्लायंटचा `[S]` परत, परत `[S.]`, असं चालू राहतं आणि तिसरं पॅकेट कधीच येत नाही. एक लक्षात ठेवा, इथे उत्तर बाहेर गेलेलं दिसतं म्हणून ते पोचलं असं समजू नका. टीसीपीडंप मशीनवरचं दाखवतो, नॅकल त्याच्या पुढे आहे.

दुरुस्ती

```
aws ec2 create-network-acl-entry --network-acl-id acl-0abc123 \
  --egress --rule-number 120 --protocol tcp \
  --port-range From=1024,To=65535 \
  --cidr-block 10.20.0.0/16 --rule-action allow
```

नवीन रूल आधी टाका, चालतंय बघा, मगच जुना काढा. उलटं केलंत तर मधल्या वेळात चालू असलेली कनेक्शनसुद्धा तुटतात, कारण नॅकल चालू कनेक्शन म्हणून कुणाला सवलत देत नाही.

एवढी मोठी रेंज उघडायची भीती रास्त आहे. या रूलमुळे सर्व्हर स्वतःहूनही त्या पत्त्यांच्या 1024 च्या वरच्या कुठल्याही पोर्टवर कनेक्शन करू शकतो. म्हणून पोर्ट आवळण्यापेक्षा पत्ता आवळा, क्लायंट फक्त आतले असतील तर 0.0.0.0/0 न देता तेवढीच रेंज द्या, आणि बाकीचं बारीक काम सिक्युरिटी ग्रुपवर सोडा. पोर्ट आवळायचा मोह झाला तर वरचा लोड बॅलन्सर आठवा, आज लिनक्स आहे म्हणून लिहिलेली रेंज उद्या क्लायंट बदलला की चुकीची ठरते. इंटरनेटवरून थेट लोक येत असतील तर मात्र 0.0.0.0/0 ला पर्याय नाही, आणि आयपीव्ही6 चालू असेल तर `::/0` साठी वेगळा रूल लागतो, आयपीव्ही4 चा त्याला चालत नाही. यूडीपीची सर्व्हिस असेल तर यूडीपीचाही वेगळा.

आणि समोरची बाजू विसरू नका. क्लायंटच्या सबनेटला स्वतःचा नॅकल असेल तर तिथे हेच उलटं लागतं, आउटबाउंडला 8080 आणि इनबाउंडला 1024 ते 65535. दोन सबनेट म्हणजे चार ठिकाणी तपासणी. सर्व्हरच्या बाजूचं दुरुस्त करून फ्लो लॉगमध्ये उत्तर अॅक्सेप्ट झालेलं दिसतंय आणि तरी क्लायंट लटकतोय, तर दहातल्या नऊ वेळा क्लायंटच्या सबनेटचा इनबाउंड निघतो.

हँडशेक होतो, छोटी उत्तरं येतात आणि फक्त मोठी अडकतात असं असेल तर ते पोर्टचं दुखणं नाही. तिथे पॅकेटच्या साइझबद्दल सांगणारा आयसीएमपी मेसेज, टाइप 3 कोड 4, नॅकलमध्ये अडतोय का ते बघा.

कुठे थांबायचं

नॅकल टेराफॉर्मने किंवा दुसऱ्या टीमने सांभाळलेला असेल तर कन्सोलमधून हात लावू नका, पुढच्या अप्लायला तुमचा रूल उडेल आणि फॉल्ट परत येईल, तोही कुणाचं लक्ष नसताना. त्यांना फ्लो लॉगच्या त्या दोन ओळी आणि कर्लचे तीन निकाल द्या, बदल त्यांच्या कोडमध्ये होऊ द्या. कार्ड पेमेंट किंवा रुग्णांचा डेटा असलेल्या सबनेटमध्ये रेंज वाढवायचा निर्णय एकट्याने घेऊ नका, तिथे सिक्युरिटीवाल्यांची लेखी संमती घ्या, आउटेज चालू असला तरी.

आणि चारही ठिकाणचे रूल बरोबर आहेत, फ्लो लॉगमध्ये दोन्ही बाजूंना कुठेच रिजेक्ट नाही, तरी उत्तर पोचत नाही, तर नॅकल उकरणं बंद करा. मग उत्तर बहुतेक वेगळ्या रस्त्याने चाललंय, राउट टेबल, ट्रान्झिट गेटवे किंवा मधलं फायरवॉल मशीन ज्याने जाताना कनेक्शन पाहिलं पण येताना नाही. ते शोधायला पूर्ण नेटवर्कचा नकाशा आणि त्या सगळ्यांचे अॅक्सेस लागतात, तिथे नेटवर्क इंजिनिअरला किंवा क्लाउडच्या सपोर्टला बोलवा. तिकिटात दोन्ही इंटरफेसचे आयडी, दोन्ही आयपी, एका लटकलेल्या कनेक्शनचा क्लायंट पोर्ट आणि यूटीसीमधली नेमकी वेळ द्या. हे नसलं तर पहिलं उत्तर हेच सगळं मागणारं येतं आणि अर्धा दिवस तिथेच जातो.